घरची प्रिंट केशरी का पडली, आणि लॅबची खरंच महाग आहे का

"माझ्याकडे सहा रंगांचा घरगुती फोटो प्रिंटर आहे, त्यावर मी फक्त फोटोच काढते. महिन्यातून एकदा-दोनदा चालू करते, काम झालं की भिंतीवरचं बटन बंद. दर वेळी प्रिंटवर लाइनी येतात, मग क्लिनिंग मारावं लागतं. गेल्या वर्षात शाईचे ३ सेट संपले (एका कार्ट्रिजवर ७ मिली लिहिलंय) आणि ५० कागदांची ३ पाकिटं, त्यातले वीसेक कागद वाया. एका सेटच्या पैशात लॅबमधून ४×६ चे ८० प्रिंट येतात आणि एका पाकिटाच्या पैशात २०. कपाटाच्या दारावर नुसते चिकटवलेले फोटो वर्षभरात केशरी पडलेत, पण तिथेच शेजारी काचेच्या फ्रेममध्ये लावलेला त्याच दिवशीचा फोटो अजून छान आहे, अल्बममधले पण छान आहेत. आता स्वस्त कंपॅटिबल शाई भरू, का टँकवाला प्रिंटर घेऊ (तो लॅबच्या ५०० प्रिंटच्या किमतीत येतो), का सगळं लॅबला देऊ? हे फोटो मला मुलांसाठी ठेवायचेत."

ताई, तुम्ही आकडे दिलेत आणि त्या फ्रेमवाल्या फोटोचं लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण उत्तर त्यातच आहे. बहुतेक लोक नुसतं "फोटो उडाले" एवढंच लिहितात आणि मग उन्हाने उडाले का कशाने हे कळायला काही मार्गच राहत नाही.

आधी त्या केशरी रंगाचं बघू. कपाटाच्या दारावर दोन फोटो, एकाच प्रिंटरचे, एकाच दिवशीचे, दोघांवर उजेड तेवढाच, एक काचेमागे आणि एक उघडा. उघडा उडाला, काचेमागचा टिकला. काच थोडा अतिनील प्रकाश अडवते हे खरं, पण घरातला दिसणारा उजेड ती जवळपास सगळा आत सोडते, म्हणजे उजेडानेच उडाला असता तर काचेमागचा पण थोडाफार तरी उतरलेला दिसला असता. काच जी गोष्ट पक्की अडवते ती म्हणजे हवा. तुमचे फोटो हवेने उडालेत, नेमकं सांगायचं तर हवेतल्या ओझोनने. ओझोन सगळ्या हवेत थोडा असतोच, ज्या खोलीत आयोनायझरवाला एअर प्युरिफायर असेल तिथे जरा जास्त, आणि पंख्याच्या झोतात लावलेला फोटो कोपऱ्यातल्या फोटोपेक्षा लवकर जातो कारण त्याच्यावरून हवा सतत फिरत असते.

हे असं का होतं ते थोडं सांगते कारण पुढचा निर्णय त्यावरच आहे. घरगुती प्रिंटरची रंगीत शाई बहुतेक वेळा डाय शाई असते, म्हणजे रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला, साखर विरघळते तसा. आणि आजकालचा जो ग्लॉसी फोटो पेपर आहे, ज्यावर प्रिंट बाहेर येताच हाताला कोरडी लागते, त्याचा वरचा थर स्पंजसारखा सूक्ष्म छिद्रांचा असतो, शाई त्या छिद्रांत शोषली जाते म्हणून लगेच सुकल्यासारखी वाटते. पण छिद्रं उघडीच राहतात ना, मग हवा पण तिथूनच आत जाते आणि रंगाचा एकेक कण मोकळा सापडतो तिला. त्यात सगळ्यात आधी मार खातो तो सायन, निळसर रंग. सायन गेला की उरले मजेंटा आणि पिवळा, आणि ते दोन मिळून काय दिसतं, केशरी-लालसर. म्हणून तुमचे चेहरे तापल्यासारखे दिसायला लागले असणार आणि केसांच्या सावल्या तपकिरी.

ही गोष्ट नवीन नाही. २००० साली एका मोठ्या कंपनीचे फोटो प्रिंटर आणि त्याचा ग्लॉसी कागद यांच्या बाबतीत हेच झालं होतं, टिकाऊपणाचे दावे मोठे आणि लोकांचे प्रिंट थोड्याच काळात केशरी, त्याला तेव्हा ऑरेंज शिफ्ट असं नावच पडलं. तोपर्यंत सगळे उजेडाच्याच टेस्ट करत होते, हवेकडे फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. त्यानंतर शाया सुधारल्या, पण डाय शाई + छिद्रांचा कागद + उघडी हवा ही जोडी आजही कच्चीच आहे.

तुम्हाला रंग बघून कारण ओळखायचं असेल तर फोटोतली राखाडी जागा बघा, राखाडी भिंत, रस्ता, पांढऱ्या कपड्याची सावली असं काहीतरी, चेहरा नका बघू, डोळा चेहऱ्याला पटकन सवय करून घेतो. राखाडी लालसर झालं तर सायन गेला, हिरवट झालं तर मजेंटा गेला, निळसर झालं तर पिवळा गेला. राखाडी राखाडीच राहिलं पण सगळं फिकं झालं तर तिन्ही सारखे उतरतायत.

आता लॅब. मी स्वतः ६ वर्षं लॅबमध्ये प्रिंटिंगला होते त्यामुळे हे जरा सविस्तर सांगते, कारण "लॅब" म्हटलं की लोकांना वाटतं सगळीकडे एकच मशीन असतं, तसं नाहीये. जुन्या पद्धतीची केमिकल लॅब म्हणजे सिल्व्हर हॅलाइड कागद, त्यावर लेझरने फोटो उमटवतात आणि मग तो कागद डेव्हलपर, ब्लीच-फिक्स आणि धुण्याच्या टाक्यांतून जातो, या प्रोसेसला आरए-४ म्हणतात. इथे शाई नसतेच, रंग कागदाच्या आतल्या जिलेटिनच्या थरात तयार होतो आणि जिलेटिन त्याला सगळ्या बाजूंनी धरून ठेवतं, हवा आत पोचत नाही. म्हणून तुमच्या घरात जो त्रास झालाय तो या प्रिंटला होत नाही असं म्हटलं तरी चालेल. उजेडाने मात्र ती पण हळूहळू उतरते.

पण बऱ्याच ठिकाणी आता ड्राय लॅब आली आहे, केमिकल नाही, टाक्या नाहीत, आत मोठा इंकजेटच असतो, आणि तोही बहुतेक डाय शाईचा. शाई चांगल्या प्रतीची असते, मशीन रोज चालतं म्हणून लाइनी येत नाहीत, पण दारावर उघडा चिकटवला तर हवेचा धोका तिथेही आहे. आणि तिसरा प्रकार म्हणजे दोन मिनिटांत प्रिंट देणारं छोटं मशीन, त्यात रिबनवरचा रंग उष्णतेने कागदात उतरतो आणि वरून पारदर्शक पापुद्रा बसतो, तो पापुद्रा हवा बऱ्यापैकी अडवतो.

म्हणून लॅबवाल्याला सरळ विचारा, "तुमची केमिकलची आहे का ड्राय?" यात लाजण्यासारखं काही नाही, ज्याला काम माहितीय तो लगेच सांगतो. नाही सांगितलं तर एक प्रिंट काढून आणा आणि भिंगाखाली बघा, भिंग नसेल तर मोबाइलचा मॅक्रो मोड चालतो. आकाशाचा फिका भाग किंवा गालावरचा उजळ भाग बघा. इंकजेट असेल तर तिथे बारीक बारीक ठिपके दिसतात, रांगोळी विस्कटल्यासारखे, गडद भागात ते एकमेकांत मिसळून जातात म्हणून फिक्या भागातच शोधायचे. केमिकलच्या प्रिंटमध्ये ठिपका नसतो, कितीही जवळ गेलात तरी रंग सलग. रिबनवाल्यात पण ठिपके नसतात, तिथे कडेला नखाने बघितलं की वरचा पापुद्रा जाणवतो.

केमिकलच्या लॅबमध्ये पण एक गोष्ट बिघडू शकते आणि ती मी जवळून बघितलीय. काम कमी असलं की टाक्यांतलं केमिकल पडून राहतं, जुनं होतं, धुण्याच्या टाकीतलं पाणी वेळेवर बदललं जात नाही, प्रिंट त्या दिवशी एकदम मस्त दिसते आणि काही महिन्यांनी पांढरी किनार पिवळट पडायला लागते. म्हणून जिथे गर्दी आहे, जिथे मशीन दिवसभर चालतं, ती लॅब निवडा, आणि पहिल्या ऑर्डरमधला एक फोटो पांढऱ्या किनारीचा काढून घ्या, तोच तुमचा मीटर.

आता खर्च. तुम्ही किंमत लॅबच्या प्रिंटमध्ये मोजून दिलीत ते मला फार आवडलं, आपण हिशोब त्यातच करू. ३ सेट शाई म्हणजे लॅबचे २४० प्रिंट. ३ पाकिटं कागद म्हणजे ६०. एकूण ३०० प्रिंटचे पैसे गेले आणि हातात चांगले फोटो आले १३०. म्हणजे घरचा एक फोटो तुम्हाला लॅबच्या जवळजवळ २.३ फोटोंना पडला, आणि यात प्रिंटरची किंमत धरलेलीच नाही.

आता यात शाई नेमकी कुठे गेली ते बघा. ४×६ चा पूर्ण भरलेला फोटो साधारण पाव मिली शाई खातो, गडद असेल तर थोडी जास्त, फिका असेल तर कमी. १५० कागद गुणिले पाव म्हणजे ३७-३८ मिली. आणि तुम्ही विकत घेतलीत किती, ६ रंग गुणिले ७ मिली गुणिले ३ सेट, १२६ मिली. म्हणजे कागदावर गेली त्यातली तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. बाकीची क्लिनिंगमध्ये गेली, प्रिंटरच्या तळाशी एक स्पंजसारखं पॅड असतं ते सगळं पिऊन टाकतं, आणि थोडी कार्ट्रिजमध्येच राहून गेली कारण हेड कोरडं पडू नये म्हणून प्रिंटर थोडी शिल्लक असतानाच "संपली" सांगतो.

हे क्लिनिंग इतकं का लागतंय तर ते भिंतीवरचं बटन. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटनाने बंद केला की तो हेड नेऊन रबरी टोपीवर नीट बसवतो, मग नोझलमधली शाई वाळत नाही. काम चालू असताना किंवा हेड बाजूला असताना भिंतीवरूनच करंट तोडला तर हेड उघडं राहतं आणि दोन आठवड्यांत एखादा रंग वाळतो. शिवाय पूर्ण करंट गेला की पुन्हा चालू करताना बरेच प्रिंटर आपणहून एक क्लिनिंग करून घेतात. आणि लाइन एकाच रंगाची असली तरी क्लिनिंगमध्ये साधारणपणे सगळ्याच रंगांची शाई ओढली जाते. म्हणून लाइनी दिसल्या की लगेच क्लिनिंग मारू नका, आधी नोझल चेकचं पान काढा, त्याला शाई नगण्य लागते, आणि खरंच रेषा तुटलेल्या दिसल्या तरच एकदा क्लिनिंग, परत चेक, नाही सुटलं तर सलग चार-पाच वेळा न मारता रात्रभर तसंच ठेवून सकाळी बघा, बऱ्याचदा वाळलेली शाई मऊ होऊन आपोआप सुटते. प्रिंटर ठेवणार असाल तर आठवड्यातून एक छोटा रंगीत फोटो काढत राहा, तो एक फोटो एका क्लिनिंगपेक्षा स्वस्तात पडतो.

पण समजा हे सगळं नीट केलंत आणि शाई निम्म्यावर आणली, तरी हिशोब काय होतो बघा. शाई १२० प्रिंटची, कागद वाया न घालवता ५० च्या जवळपास, १७० भागिले १३०, म्हणजे १.३. अजूनही लॅबच स्वस्त. कार्ट्रिजवाल्या प्रिंटरवर महिन्याला दहा-अकरा फोटो काढणाऱ्याला लॅबला हरवता येत नाही, यात तुमची काही चूक नाही, गणितच तसं आहे.

कंपॅटिबल शाईचं म्हणाल तर खर्च नक्की उतरेल, पण ठेवायच्या फोटोंसाठी मी स्पष्ट नाही म्हणेन. मूळ कंपनीची शाई आणि तिचाच कागद एकमेकांसाठी बनवलेले असतात आणि टिकाऊपणाच्या ज्या टेस्ट छापलेल्या असतात त्या त्याच जोडीच्या असतात, दुसरी शाई भरली की तो आकडा तुम्हाला लागू नाही. स्वतंत्र चाचण्यांमध्ये रिफिलच्या शाया मूळ शाईपेक्षा कितीतरी आधी उडालेल्या दिसल्यात, आणि एकाच नावाच्या दोन बाटल्यांत आत एकच रंग असेल याची पण खात्री नसते. शाळेचा प्रोजेक्ट, पत्ता चिकटवायचा कागद, यासाठी खुशाल वापरा.

टँकवाल्या प्रिंटरला शाई खरंच स्वस्त पडते, इतकी की एका फोटोला मुख्य खर्च कागदाचाच उरतो. तुमच्या कागदाच्या भावाने एक फोटो लॅबच्या अर्ध्या प्रिंटमध्ये पडेल असं धरू. म्हणजे दर फोटोमागे अर्धा प्रिंट वाचला. प्रिंटर ५०० प्रिंटचा आहे, तो वसूल व्हायला १००० फोटो काढावे लागतील, आणि तुमच्या वर्षाला १३० च्या वेगाने त्याला साडेसात वर्षांहून जास्त लागतील, तोपर्यंत पडून राहून हेड जायची भीती वेगळीच. महिन्याला ४०-५० फोटो काढणारं घर असतं तर मी घ्याच म्हटलं असतं. आणि अजून एक, टँकच्या बऱ्याच चार रंगी मॉडेलमध्ये काळी शाई पिगमेंट, म्हणजे न विरघळलेल्या घन कणांची, असते पण ग्लॉसी कागदावर ती वापरलीच जात नाही, काळा रंग बाकीचे तीन डाय रंग मिसळून बनतो. म्हणजे बॉक्सवर पिगमेंट शब्द वाचून फोटो टिकतील असं समजून घेऊ नका, त्यातला एक रंग गेला की काळासुद्धा रंगीत दिसायला लागतो.

पिगमेंट शाई ही वेगळी गोष्ट आहे, तिच्यात रंग विरघळलेला नसतो, बारीक घन कण असतात, हवा आणि उजेड कणाचा वरचा भाग खातात आणि आतला शाबूत राहतो. सगळे रंग पिगमेंटचे असलेला प्रिंटर टिकाऊपणात केमिकल लॅबच्याही पुढे जाऊ शकतो. पण त्याची किंमत आणि शाई दोन्ही जड, भिंतीवरच्या तीन-चार मोठ्या फोटोंसाठी तो घरात आणू नका, जो आर्ट प्रिंट काढून देतो त्याच्याकडून तेवढेच काढून घ्या.

"१०० वर्षं टिकते" हे वाचलंत की मात्र एक प्रश्न विचारायचा, किती उजेडात? हेन्री विल्हेल्म यांची संस्था बरीच वर्षं या टेस्ट करतेय, ते घरातला उजेड रोज १२ तास ४५० लक्स धरतात. कोडॅकने आपल्या कागदासाठी १२० लक्स धरला होता. ४५० म्हणजे १२० च्या पावणेचार पट, त्यामुळे १२० लक्सवरची १०० वर्षं ४५० लक्सवर साधारण २७ होतात. कागद तोच, फक्त खोली जास्त उजेडाची.

तुमच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर एक टेस्ट करा, मी प्रत्येक नवीन कागदाला करते. ज्यात राखाडी भाग आहे असा एक फोटो घ्या, त्याच्या ३ प्रिंट घरच्या आणि ३ लॅबच्या. प्रत्येकीतली एक पाकिटात घालून बंद कपाटात ठेवा, ती मूळ. दुसरीच्या अर्ध्या भागावर अॅल्युमिनियम फॉइल घट्ट गुंडाळून उन्हाच्या खिडकीत आतून लावा. तिसरी उजेड नसलेल्या पण हवा खेळणाऱ्या जागी उघडी, कपाटाच्या माथ्यावर वगैरे, फक्त धूळ बसू नये म्हणून उभी. दर आठवड्याला तिन्ही शेजारी धरून बघा. खिडकीतली उडाली तर उजेडाचा दोष, माथ्यावरची उडाली तर हवेचा. खिडकीतल्या टेस्टवरून वर्षं मोजू नका, दुपारचं थेट ऊन १ लाख लक्सच्या आसपास असतं, त्यातला एक तास म्हणजे विल्हेल्मच्या खोलीतले १८ दिवस, शिवाय ऊन कागद तापवतं ते वेगळंच. कोण कोणाच्या आधी उतरतं एवढंच त्यातून घ्यायचं.

तर तुमच्यासाठी मी असं करेन. अल्बमचे फोटो जमवत राहा आणि तीन महिन्यांनी तीस-चाळीस एकदम केमिकलच्या लॅबला द्या. मोबाइलचा फोटो ४:३ असतो आणि ४×६ चा कागद ३:२, म्हणजे आडव्या फोटोचं वरचं-खालचं कापलं जातं, ते स्वतः कापून द्या नाहीतर डोक्यावरचं जातं, आणि ऑटो करेक्शन बंद ठेवायला सांगा. दारावर लावायचे असतील तर हेच लॅबचे लावा. घरचा प्रिंटर आहे ती शाई संपेपर्यंत आज लगेच हवं असलेल्या फोटोंना वापरा, आणि त्यातला एखादा भिंतीवर जाणार असेल तर काचेमागे, पण काढल्यावर निदान २४ तास उघडा सुकू द्या, नाहीतर शाईतला ओलावा काचेवर आतून धुकं धरतो. लॅबच्या प्रिंटला काच टेकू देऊ नका, मध्ये माउंटची पट्टी घाला, दमट हवेत जिलेटिन काचेला चिकटतं आणि मग सोडवताना फोटोचा थर निघून येतो, असे फोटो घेऊन रडत आलेली माणसं मी काउंटरवर पाहिलीयत आणि मला त्यांना काही करून देता आलं नाही.

आणि दारावरचे ते केशरी फोटो, त्यातल्या ज्यांची फाइल मोबाइलमध्ये नाहीये ते आज खाली काढा आणि स्कॅन करा. सायन अजून थोडा शिल्लक आहे तोवर स्कॅनवर रंग बराच परत आणता येतो, पूर्ण गेल्यावर नाही.